विद्यार्थ्याची कमाई, शिष्यवृत्ती आणि आयकर विवरणपत्र : एक संवाद

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या बँक खात्यात वर्षभरात साधारणपणे चार प्रकारचे पैसे येतात : शिष्यवृत्ती, इंटर्नशिपचे विद्यावेतन, अर्धवेळ कामाचा मोबदला आणि बचत खात्यावरचे व्याज. आयकर कायद्यात ‘विद्यार्थी’ नावाचा वेगळा करदाता नाही. वय वीस आहे किंवा शिक्षण चालू आहे म्हणून कमाई करातून सुटत नाही. आणि पैसे खात्यात आले म्हणून ते सगळेच उत्पन्न ठरतात असेही नाही. प्रत्येक रक्कम कशासाठी मिळाली, हे कायदा पाहतो. त्यानंतर तीन प्रश्न ओळीने विचारावे लागतात. ही रक्कम उत्पन्नात मोजायची का? मोजलेल्या उत्पन्नावर कर बसतो का? कर बसो वा न बसो, विवरणपत्र भरणे सक्तीचे आहे का? घरोघरी होणारे बहुतेक गैरसमज हे तीन प्रश्न एकच मानल्यामुळे होतात.

हे स्पष्ट करण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेतले आहे. पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीच्या २०२५-२६ या आर्थिक वर्षातील जमा रकमा अशा : शिक्षण शुल्काची सरकारी शिष्यवृत्ती ८०,००० रुपये; एका कंपनीतील दोन महिन्यांच्या इंटर्नशिपचे ४०,००० रुपये; दुसऱ्या एका छोट्या कंपनीसाठी संकेतस्थळाचे प्रोग्रामिंग करून दरमहा १५,००० प्रमाणे १,८०,००० रुपये; आणि बचत खात्याचे व्याज ३,००० रुपये. प्रोग्रामिंगच्या मोबदल्यातून कंपनीने दहा टक्के, म्हणजे १८,००० रुपये, टीडीएस कापला आहे. मुलीचे वडील पतसंस्थेत नोकरी करतात, आत्या करसल्लागार आहे. दोघांची मते वेगळी आहेत. या वर्षाला १९६१ चाच आयकर कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी २०२५ चा नवा कायदा आला असून त्यातील कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. म्हणून पुढे आलेले क्रमांक जुन्या कायद्याचे समजावेत.

शिष्यवृत्ती : कोणती करमुक्त, कोणती नाही

वडील : मुलगी अजून शिकते आहे. आलेला पैसा शिक्षणातच जातो. त्याला उत्पन्न कसलं म्हणायचं? माझ्या मते सगळंच करमुक्त आहे.

आत्या : दादा, शिष्यवृत्तीपुरतं तुझं बरोबर आहे. कलम १०(१६) प्रमाणे शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती पूर्ण करमुक्त असते. तिला रकमेची मर्यादा नाही. ती सरकारनेच दिलेली हवी अशी अटही नाही. विद्यापीठाची किंवा एखाद्या न्यासाचीही चालते. पण पैसा पुढे कुठे खर्च झाला यावरून करमुक्ती ठरत नाही, तो कशासाठी दिला गेला यावरून ठरते. तिने प्रोग्रामिंगच्या पैशातून परीक्षा शुल्क भरलं म्हणून ते पैसे शिष्यवृत्ती होत नाहीत.

वडील : मग इंटर्नशिपचं काय? तिथे ती शिकायलाच गेली होती. कॉलेजने पाठवलं होतं, त्याचे गुणही मिळाले.

आत्या : कंपनीने ते चाळीस हजार कशाबद्दल दिले, ते पत्रात वाच. हजेरी ठरलेली, काम नेमून दिलेलं, सुट्टी घेतली तर पैसे कापले. हा कामाचा मोबदला आहे. त्याला स्टायपेंड म्हटलं तरी तो उत्पन्नात धरायचा.

शिष्यवृत्ती आणि मोबदला यांतला फरक नियुक्तिपत्र किंवा मंजुरीपत्र वाचून ओळखता येतो. प्रवेश, गुण किंवा आर्थिक गरज पाहून रक्कम मंजूर झाली असेल आणि तिच्या बदल्यात देणाऱ्यासाठी कोणतेही काम करायचे नसेल, तर ती शिष्यवृत्ती. रक्कम कामाच्या तासांशी किंवा पूर्ण केलेल्या कामाशी बांधलेली असेल, तर तो मोबदला. विद्यापीठांतील ‘कमवा व शिका’ योजनेचे मानधनही याच कसोटीने कामाचा मोबदला ठरते; मात्र ही रक्कम सहसा लहान असल्याने एवढ्यावरून कर देण्याची वेळ येत नाही. संशोधकांची अधिछात्रवृत्ती आणि निवासी डॉक्टरांचे विद्यावेतन ही मात्र सीमेवरची उदाहरणे आहेत. अशा रकमांवरून वाद झालेले आहेत, आणि अशा वेळी शिक्षण हा मुख्य हेतू आहे की सेवा, हे कागदपत्रांतील अटींवरून ठरवावे लागते.

शिष्यवृत्तीतून काही रक्कम शिल्लक राहिली तर ती नंतर करपात्र होत नाही. ती मुदत ठेवीत ठेवली आणि त्यावर व्याज आले, तर ते व्याज मात्र उत्पन्नात धरावे लागते.

वडील : तिने हे काम अकरावी-बारावीत, अठराच्या आत केलं असतं, तर ते माझ्या उत्पन्नात मिळवावं लागलं असतं ना?

आत्या : नाही. अल्पवयीन मुलांचं उत्पन्न एरवी आई किंवा वडील यांच्यापैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवतात. पण मुलाने स्वतःच्या श्रमातून किंवा कौशल्यातून कमावलेलं त्याला अपवाद आहे. ते त्याच्याच नावावर राहतं. त्याच्या नावाच्या ठेवीचं व्याज मात्र तुझ्यासारख्या पालकाकडे आलं असतं.

कर किती बसतो

शिष्यवृत्ती वगळली की या मुलीचे उत्पन्न जास्तीत जास्त १,८०,००० अधिक ४०,००० अधिक ३,००० म्हणजे २,२३,००० रुपये होते. यात कोणतीही वजावट घेतलेली नाही. नवी करप्रणाली आता आपोआप लागू होते आणि तिच्यात २०२५-२६ साठी ४,००,००० रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. म्हणून तिचा कर शून्य आहे.

वडील : मीही तेच म्हणतोय. शून्य कर असेल तर रिटर्नचा उद्योग कशाला? तशीही आता बारा लाखांपर्यंत करमाफी आहे. चार लाखांच्या वर गेली असती तरी काय बिघडलं असतं?

आत्या : इथेच घोटाळा होतो, दादा. चार लाख ही कर सुरू होण्याची मर्यादा आहे. बारा लाखांपर्यंत मिळते ती कलम ८७ए ची सवलत. आधी कर मोजायचा, मग सवलतीने तो पुसला जातो. रिटर्नची सक्ती चार लाखांवर सुरू होते, बारा लाखांवर नाही.

या फरकाचा परिणाम दुसऱ्या उदाहरणात दिसतो. संध्याकाळच्या पाळीत नोकरी करून पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याचा पगार महिना ४२,००० आहे असे समजू. वर्षाचे ५,०४,००० रुपये होतात. पगारदाराला नव्या प्रणालीत मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट काढली की ४,२९,००० उरतात. चार लाखांवरच्या २९,००० रुपयांवर पाच टक्क्यांनी १,४५० रुपये कर येतो आणि ८७ए च्या सवलतीने तो शून्य होतो. त्याच्या मालकाने टीडीएसही कापलेला नसतो, कारण शेवटी कर निघत नाही. तरीही उत्पन्न ४,००,००० च्या वर असल्याने या विद्यार्थ्याला विवरणपत्र भरणे सक्तीचे आहे. मुदत चुकली तर कर शून्य असूनही विलंब शुल्क लागते : उत्पन्न पाच लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपये, त्याहून जास्त असल्यास ५,००० रुपये.

विवरणपत्र कधी सक्तीचे

वडील : म्हणजे आपल्या मुलीला सक्ती नाही. दोन लाख तेवीस हजार म्हणजे चार लाखांच्या बऱ्याच खाली.

आत्या : उत्पन्नाच्या कसोटीवर नाही, हे मान्य. पण उत्पन्न कमी असूनही सक्ती लावणाऱ्या आणखी काही अटी आहेत. त्या तपासल्याशिवाय ‘नाही’ म्हणायचं नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत अशा तीन अटी महत्त्वाच्या आहेत. पहिली, वर्षभरात कापलेला टीडीएस आणि वसूल झालेला टीसीएस मिळून २५,००० रुपये किंवा अधिक असेल, तर उत्पन्न कितीही असो, विवरणपत्र भरावे लागते. या मुलीचे १८,००० कापले गेले आहेत, म्हणून ती या अटीत येत नाही. हाच मोबदला १,८०,००० ऐवजी २,५०,००० असता, तर टीडीएस २५,००० झाला असता आणि उत्पन्न चार लाखांच्या आत असूनही सक्ती आली असती. दुसरी अट परदेश प्रवासाची. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या परदेश प्रवासावर वर्षात दोन लाखांहून जास्त खर्च केला असेल, तरी विवरणपत्र लागते. तिसरी अट अनेकांच्या लक्षात येत नाही : भारतात निवासी असलेल्या व्यक्तीच्या नावावर परदेशी मालमत्ता असेल, तर उत्पन्न शून्य असले तरी विवरणपत्र भरावे लागते. मोबाइल ॲपवरून अमेरिकी कंपनीचे थोडे शेअर घेतलेला विद्यार्थी या अटीत येतो. अशा वेळी आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ हे सोपे नमुने चालत नाहीत आणि परदेशी मालमत्तेचा तपशील वेगळ्या परिशिष्टात द्यावा लागतो.

वडील : यातलं एकही तिला लागू नाही. मग मी पहिल्यापासून बरोबर होतो.

आत्या : सक्तीबद्दल बरोबर होतास. पण तिचे अठरा हजार सरकारकडे जमा आहेत, ते कसे परत आणशील?

वडील : कंपनीने कर कापला म्हणजे तो भरून झाला. आता परत कसा मिळेल?

आत्या : कापलेला कर म्हणजे अंदाजाने आधीच घेतलेली रक्कम. तिची वर्षाची सगळी कमाई किती आहे, हे कंपनीला ठाऊक नसतं; ती ठरलेल्या दराने कापून मोकळी होते. खरा हिशेब रिटर्नमध्येच होतो. तिचा कर शून्य, कापले अठरा हजार. म्हणून अठराच्या अठरा हजार परत. रिटर्नशिवाय हा परतावा मिळायचा मार्ग नाही.

व्यावसायिक सेवेच्या मोबदल्यावर कलम १९४जे खाली दहा टक्के टीडीएस कापला जातो. १ एप्रिल २०२५ पासून एका देणाऱ्याकडून वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त मोबदला मिळाला तरच ही कपात होते. विद्यार्थ्याने कंपनीला पॅन दिला नसेल, किंवा आधारशी न जोडल्यामुळे तो निष्क्रिय झाला असेल, तर कपात वीस टक्क्यांनी होते. या मुलीचे मग ३६,००० रुपये अडकले असते. पॅन निष्क्रिय असताना परतावाही दिला जात नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच पॅन काढून तो आधारशी जोडून घेणे आवश्यक आहे.

परतावा मिळवण्याचा क्रम

वडील : ठीक आहे, भरू या. पगारदारांचा आयटीआर-१ मी दर वर्षी भरतो. त्यात ‘इतर उत्पन्न’ म्हणून दोन लाख तेवीस हजार टाकले की झालं.

आत्या : ते करू नकोस. तिचा टीडीएस व्यावसायिक मोबदल्याच्या कलमाखाली नोंदलेला आहे. नोंद एक आणि नमुना वेगळा असला की विवरणपत्र सदोष असल्याची नोटीस येऊ शकते आणि परतावा अडकतो. प्रोग्रामिंगचे पैसे व्यवसायाच्या उत्पन्नातच दाखवायचे. त्यासाठी आयटीआर-४ आहे.

पहिले काम नोंदी तपासण्याचे. आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, पाहता येते. शेवटच्या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र कंपनीने ३१ मेपर्यंत द्यायचे असते आणि फॉर्म १६ए हे प्रमाणपत्र १५ जूनपर्यंत. त्यामुळे जूनच्या मध्याआधी घाईने विवरणपत्र भरले तर शेवटच्या तीन महिन्यांची कपात नोंदीत दिसत नाही आणि परतावा कमी मागितला जातो. नंतरही ती दिसली नाही, तर कंपनीने रक्कम भरलेली नाही किंवा पॅन चुकीचा लिहिला आहे, असे समजावे. ही दुरुस्ती कंपनीलाच आपल्या टीडीएस विवरणपत्रात करावी लागते.

दुसरे काम उत्पन्न योग्य शीर्षाखाली मांडण्याचे. माहिती तंत्रज्ञान हा कायद्याने अधिसूचित केलेला व्यवसाय असल्याने कलम ४४एडीए ची अनुमानित पद्धत घेता येते. या पद्धतीत एकूण मोबदल्याच्या किमान पन्नास टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची असते आणि खर्चाची हिशेबवही ठेवावी लागत नाही.

वडील : पण तिचा खर्च कुठे नव्वद हजार झाला? लॅपटॉप आधीचाच, इंटरनेट घरचं.

आत्या : पन्नास टक्के ही खालची मर्यादा आहे. प्रत्यक्षात जास्त उरलं असेल तर जास्त दाखवावं, सगळेच्या सगळे एक लाख ऐंशी हजार दाखवले तरी चालतील. आपण आधीच तसा हिशेब केला आणि कर शून्यच आला. परतावा तेवढाच राहतो, मग आकडा खरा का देऊ नये?

इंटर्नशिपची रक्कम कंपनीने पगार म्हणून दिली असेल तर पगाराच्या शीर्षाखाली, नसेल तर इतर उत्पन्नात दाखवावी. पगार ठरला तर प्रमाणित वजावटीमुळे ते ४०,००० पूर्णपणे वजा होतात. बचत खात्याचे व्याज इतर उत्पन्नात जाते. शिष्यवृत्तीचे ८०,००० करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात नोंदवावेत. त्यावर कर येत नाही, पण खात्यात आलेल्या पैशाचा खुलासा नोंदीत राहतो.

तिसरे काम बँक खात्याचे. परतावा ज्या खात्यात हवा ते पोर्टलवर आधी प्रमाणित करावे लागते. खात्यावरचे नाव आणि पॅनवरचे नाव जुळले नाही तर प्रमाणीकरण होत नाही. विवरणपत्र पाठवल्यावर तीस दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने किंवा नेट बँकिंगने त्याची पडताळणी करावी. पडताळणी राहून गेली तर विवरणपत्र भरलेच नाही असे मानले जाते. पोर्टलवर ‘पाठवले’ असे दिसते म्हणून विद्यार्थी निर्धास्त राहतो आणि परतावा महिनोन्‌महिने येत नाही.

मुदतीची तारीख नमुन्याप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलू शकते. म्हणून पोर्टलवर त्या वर्षासाठी जाहीर झालेली तारीख पाहावी. ज्याला विवरणपत्राची सक्तीच नाही, त्याला उशीर झाला तरी विलंब शुल्क लागत नाही. उशिराचे विवरणपत्र डिसेंबरअखेरपर्यंत भरता येते आणि त्यातूनही परतावा मागता येतो.

जिथे भरण्याची गरज नाही

वडील : एक शंका राहिली. हे कागद झाले की उद्या शिष्यवृत्तीच्या अर्जात अडचण नको. उत्पन्न दाखवलं म्हणून तिची शिष्यवृत्ती गेली तर?

आत्या : रिटर्नने नवं उत्पन्न तयार होत नाही. टीडीएस कापला तेव्हाच ते तिच्या पॅनवर नोंदलं गेलं आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात आणि उत्पन्नाच्या दाखल्यात ज्याचं उत्पन्न विचारलं असेल ते खरं लिहायचं. अर्जात एक आणि पॅनवर दुसरं, हे तर रिटर्न न भरताही उघडं पडतं.

वडील : मग प्रत्येक कमावत्या विद्यार्थ्याने रिटर्न भरावं, असं तुझं म्हणणं?

आत्या : तसं नाही. इथे मी तुझ्या बाजूने आहे. एखादा मुलगा शनिवार-रविवार दुकानात काम करून वर्षाला साठ हजार कमावतो, टीडीएस काहीच नाही, बाकी कोणती अट लागू नाही. त्याने रिटर्न भरलं नाही तर कायदा मोडत नाही आणि त्याचं नुकसानही होत नाही. नुसतं शून्याचं रिटर्न भरून देतो म्हणून कोणी त्याच्याकडून हजार रुपये मागितले, तर त्याने ते देऊ नयेत.

वडील : म्हणजे कापलेले पैसे परत आणायचे असतील तरच.

आत्या : जवळजवळ. आणखी एक कारण असू शकतं. शेअर विकताना तोटा झाला असेल आणि पुढच्या वर्षीच्या नफ्यातून तो वजा करायचा असेल, तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं. उशिरा भरलं तर तो तोटा पुढे नेता येत नाही.

दोघांच्या मतांतून निर्णयाचा क्रम असा ठरतो. शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती आधी बाजूला काढावी आणि कामाचा मोबदला, पगार व व्याज यांची बेरीज करावी. पगार असेल तर प्रमाणित वजावट काढल्यावरची बेरीज ४,००,००० च्या वर गेली, तर विवरणपत्र सक्तीचे. ८७ए च्या सवलतीने कर शून्य झाला तरीही. बेरीज त्याच्या आत असेल, तर टीडीएस २५,००० पर्यंत पोहोचला आहे का, परदेश प्रवासावर दोन लाखांहून जास्त खर्च झाला आहे का आणि परदेशी मालमत्ता आहे का, हे तपासावे. यातले काहीच नसेल पण थोडा टीडीएस कापलेला असेल, तर सक्ती नसतानाही परताव्यासाठी विवरणपत्र भरावे. टीडीएसही नसेल आणि पुढे न्यायचा तोटाही नसेल, तर त्या वर्षी विद्यार्थ्याला विवरणपत्र भरण्याची गरज नाही. उदाहरणातील मुलगी यांपैकी परताव्यासाठी भरणाऱ्यांच्या गटात येते : तिचा कर शून्य आहे, तिच्यावर सक्ती नाही, आणि तरीही आयटीआर-४ भरून १८,००० रुपये परत मिळवणे तिच्या हिताचे आहे.